कमिट आवरायची ती तपासणीआधी

समजा, सलाइन पंपाचं सॉफ्टवेअर आहे. औषधाचा वेग काढताना अपूर्णांक चुकीचा कापला जातो, म्हणून आपण एक ओळ दुरुस्त केली. त्याच कमिटमध्ये ४०० ओळींची मांडणीही बदलली आणि संदेश लिहिला `fixes`. आता तपासणाऱ्याला ती एक ओळ सापडणार कशी?

वैद्यकीय सॉफ्टवेअरचं आयईसी ६२३०४ हे मानक सांगतं, की मूळ तक्रार, बदलाची मागणी आणि मंजुरी यांचा माग लागला पाहिजे. म्हणून आपण दोन कमिट करतो: आधी फक्त मांडणीची, मग त्या ओळीची. दुसरीत मागणीचा क्रमांक, कारण आणि चाचणी लिहितो. दोन वर्षांनी कुणी त्या ओळीवर `git blame` चालवलं, तर थेट कारणापर्यंत पोचतो.

ही आवराआवर मात्र मंजुरीआधीच करायची. `git rebase` ने कमिट नव्याने लिहिल्या जातात, त्यांचे हॅश बदलतात. मंजुरी एका हॅशला आणि मुख्य शाखेत दुसराच, असं झालं की माग तुटला.

शिवाय गिटमध्ये लेखकाचं नाव कुणीही काहीही टाकू शकतं. म्हणून डिजिटल सही केलेल्या कमिट हव्यात, आणि मुख्य शाखेवर जुना इतिहास पुसायला बंदी हवी.