चिमीचा चेहरा सीडमध्ये नसतो

गेल्या पावसाळ्यात मी मुलांसाठी दहा चित्रांची एक गोष्ट करायला घेतली. गोष्टीतली चिमी आठ वर्षांची. दोन वेण्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल रिबिनी, पिवळा फ्रॉक आणि हातात स्टीलचा डबा. तिचं एक चित्र मी स्वतः जलरंगात काढलं आणि त्यावरून पुढची दहा चित्रं घरच्या संगणकावर स्टेबल डिफ्यूजनकडून करून घ्यायची असं ठरवलं. तिसरं चित्र पाहून माझी भाची म्हणाली, "मावशी, ही तर दुसरीच मुलगी आहे."

तिचं बरोबर होतं. हनुवटी निमुळती झाली होती आणि चिमी एकदम बारा वर्षांची दिसत होती. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच उपाय सांगितला: सीड लॉक कर. मी केला. त्यानंतर जे दिसलं, त्यातून सीड नेमका काय धरून ठेवतो हे मला कळलं.

जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की मुंग्या यायच्या, आठवतं? स्टेबल डिफ्यूजनचं प्रत्येक चित्र तशाच मुंग्यांपासून सुरू होतं. तुमच्या शब्दांकडे पाहत ते एकेका पायरीने मुंग्या पुसत जातं आणि त्यातून चित्र वर येतं. सीड म्हणजे या मुंग्यांचा क्रमांक. ४०२१ दिलात की दर वेळी त्याच मुंग्या, त्याच जागी. मॉडेल, शब्द, सॅम्पलर, पायऱ्यांची संख्या आणि चित्राचा आकार यांतलं काहीही बदललं नाही, तर चित्रही तेच येतं. आकार बदलला, म्हणजे चौकोनी चित्राऐवजी उभं मागितलं, की मुंग्यांची मांडणीच वेगळी होते आणि तोच सीड भलतंच चित्र देतो.

मी ४०२१ कायम ठेवून चिमीला बसथांब्यावर, स्वयंपाकघरात आणि शाळेत उभं केलं. तिन्ही चित्रांत ती डावीकडे, तेवढ्याच अंतरावर, मान तशीच कलती करून उभी होती. बसथांब्यावर तिच्यामागे कडुलिंबाचं खोड होतं. स्वयंपाकघरात त्याच जागी कपाट आलं आणि शाळेत खांब. मुंग्यांमध्ये तिथे एक उभा गडद पट्टा असावा, प्रत्येक प्रसंगात त्याला काहीतरी रूप मिळत होतं. चेहरा मात्र तिन्हीकडे थोडाथोडा निराळा. सीडने चित्राची मांडणी जखडून ठेवली होती, माणूस नाही. गोष्टीच्या पुस्तकाला हे उलटंच पडतं, कारण तिथे मुलगी तीच हवी आणि चित्राची मांडणी दर पानाला वेगळी.

माणूस येतो संदर्भचित्रातून. मी त्यासाठी आयपी-अ‍ॅडॅप्टर वापरलं. टेन्सेंटच्या संशोधकांनी २०२३मध्ये ते आणलं. ते तुमचं चित्र वाचून त्याचं सार काढतं आणि शब्दांच्या जोडीने मॉडेलला पुरवतं. पण वाचताना ते चित्र २२४ बाय २२४ पिक्सेलच्या चौकोनात बसवलं जातं. पासपोर्ट फोटोएवढ्या त्या चौकोनात रिबिनीवरचे ठिपके उरत नाहीत. माझं पहिलं जलरंगचित्र पूर्ण उंचीचं होतं, त्यामुळे चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम पंचवीस-तीस पिक्सेल आले असतील. इथे खरी चूक झाली होती. मी डोक्यापासून छातीपर्यंतचा चौकोन कापला, चेहरा मधोमध आणला आणि ठिपक्यांच्या रिबिनी काढून साध्या लाल केल्या. मालिकेत टिकायचं असेल, तर पात्राची खूण मोठी आणि एकरंगी हवी. बारीक नक्षीचा काठ किंवा चौकडीचा शर्ट दहा चित्रांत दहा प्रकारचा होतो.

मग सीड लॉक करायचा कशासाठी? जुळवाजुळव करण्यासाठी. संदर्भचित्राचा प्रभाव किती ठेवायचा, याचा एक आकडा असतो. तो बदलल्यामुळे चेहरा सुधारला की नुसत्या मुंग्या बदलल्यामुळे, हे सीड मोकळा असताना कळत नाही. म्हणून मी चार सीड पक्के केले, प्रसंग एकच ठेवला आणि प्रभाव ०.४, ०.६ व ०.८ असा बदलत बारा चित्रं काढली. ०.४ला चारही मुली वेगळ्या आल्या. ०.८ला चेहरा हुबेहूब आला, पण संदर्भचित्रातली समोर पाहणारी मान आणि मागचा कोरा कागदही सोबत आला, बसथांबा जवळजवळ नाहीसा झाला. ०.६ला चारांपैकी तीन चिमी ओळखू आल्या. हा आकडा माझ्या चित्रापुरता आहे, तुमचा वेगळा निघेल. मात्र एकाच सीडवर निकाल देऊ नका. एखादा सीड नशिबाने चांगला निघतो आणि फसवतो.

प्रभाव ठरला आणि मी सीड मोकळा केला, पण नोंद ठेवून. ऑटोमॅटिक१११११ या नावाने लोक ज्याला ओळखतात, त्या प्रोग्रॅममध्ये `Seed` या चौकटीत `-1` असेल तर दर वेळी नवा सीड येतो. `Batch count` मध्ये ८ टाकून सीड ५००० दिला, तर आठ चित्रांना ५००० ते ५००७ असे ओळीने सीड मिळतात. पहिल्या प्रसंगाला मी ५०००पासून सुरुवात केली, दुसऱ्याला ५१००पासून, तिसऱ्याला ५२००पासून. सीड फाइलच्या नावातच येतो, त्यामुळे कुठलं चित्र कुठल्या प्रसंगाचं हे नावावरूनच कळतं. चिमीचं वर्णन करणारं वाक्य मी दहाही प्रसंगांत अक्षरशः तेच ठेवलं. प्रसंगाचे शब्द त्याच्यानंतर.

कम्फीयूआय वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. तिथे `batch_size` चार ठेवलात, तर एकाच सीडमधून चौघांच्या मुंग्या एकदम तयार होतात. तिसरं चित्र आवडलं म्हणून तोच सीड देऊन एकच चित्र मागितलं, तर पहिलं चित्र येतं. तिसरं हवं असेल, तर पूर्ण बॅच पुन्हा चालवावी लागते किंवा बॅचमधून ते एक उचलणारा वेगळा नोड जोडावा लागतो. शिवाय `control_after_generate` हे `randomize` वर असेल, तर चित्र पूर्ण झाल्यावर चौकटीत दिसणारा आकडा पुढच्या चित्राचा असू शकतो. काम सुरू करण्याआधीच ते `fixed` करावं. या दोन प्रोग्रॅमांत एकच सीड दिला तरी चित्रं जुळत नाहीत, कारण नेहमीच्या सेटिंगवर एक मुंग्या ग्राफिक्स कार्डवर तयार करतो आणि दुसरा प्रोसेसरवर. मालिका सुरू केली त्याच प्रोग्रॅमवर संपवावी.

दहा प्रसंगांची ऐंशी चित्रं झाली. त्यांतली दहा निवडून मी ती लहान आकारात एका कागदावर शेजारी शेजारी छापली. एकेकटं पाहताना जे सुटतं, ते असं शेजारी ठेवलं की लगेच डोळ्यात भरतं. सातव्या चित्रात रिबिनी केशरी झाल्या होत्या आणि नवव्यात वेणी एकच होती. सातवं मी पुन्हा काढलं नाही. फक्त रिबिनीची जागा रंगवून तेवढाच भाग बदलून घेतला. नववं मात्र टाकून दिलं आणि ५८००च्या ओळीतलं दुसरं घेतलं. भाचीला कागद दाखवला. तिने बोट ठेवत दहाही चिमी मोजल्या.

एक गोष्ट आवर्जून करा. या प्रोग्रॅममधून निघालेल्या मूळ पीएनजी फाइलमध्ये सीड, शब्द आणि सगळी सेटिंग लिहिलेली असते. ती फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत यातलं काहीच उरत नाही.