पत्रिकेच्या स्क्रीनशॉटवरून पाहुण्यांचं वेळापत्रक

लग्नपत्रिका आता बहुतेक घरी व्हॉट्सॲपवरच पोचते, आणि पुढे पुढे जाताना तिच्या एखाद्या पानाचा स्क्रीनशॉट तेवढा उरतो. गावातल्यांना तो पुरतो. परगावाहून येणाऱ्यांना मात्र तिकीट काढायचं असतं, म्हणून त्यांना कोणता विधी केव्हा, कुठे आणि आपण किती वाजता पोचायचं, हे एका नजरेत दिसायला हवं.

उदाहरणासाठी साताऱ्यातलं एक लग्न घेऊ. पत्रिकेत तीनच ओळी कामाच्या आहेत: ‘हळदी समारंभ: शनिवार सायं. ६ वा., निवासस्थानी’, ‘शुभमुहूर्त: रविवार दु. १२ वा. ३५ मि.’ आणि मंगल कार्यालयाचा पत्ता. पाहुणे नागपूर, मुंबई आणि बेळगावहून यायचे आहेत.

आधी स्क्रीनशॉट नीट वाचा

मोबाइलमधल्या मजकूर उचलणाऱ्या सोयीवर विसंबू नका. नक्षीदार अक्षरांत १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत सहज होते. चित्र मोठं करून स्वतः वाचा आणि तारीख-वार कॅलेंडरवर जुळवून बघा. वार जुळला नाही तर आकडा चुकीचा वाचलाय किंवा पत्रिका चुकीची छापलीय, असं समजून यजमानांना फोन करा. ‘निवासस्थानी’ हा शब्दही डोळ्यांआड होऊ देऊ नका. हळद घरी आणि लग्न कार्यालयात असेल, तर पाहुण्यांना दोन पत्ते लागतात, आणि घरचा पत्ता बहुधा कापल्या गेलेल्या पानावर असतो.

मुहूर्त मध्यरात्रीनंतरचा असेल तर जास्तच जपायला हवं. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेच्या तिकिटावरचा रात्री बाराला. पत्रिकेतलं ‘शनिवार रात्री १२ वा. १० मि.’ हे तिकिटाच्या हिशेबानं रविवारात पडू शकतं. नेमकी रात्र विचारून घ्या आणि वेळापत्रकात ‘शनिवार संपून रविवार लागताना’ असं शब्दांत लिहा.

मुहूर्तापासून मागे मोजा

१२.३५ ही अंतरपाट दूर होऊन वधूवरांनी एकमेकांना माळ घालायची वेळ. मंगलाष्टकं त्याआधी सुरू होतात. दहा-पंधरा मिनिटं तरी धरावीत, आणि गाणाऱ्या मावश्या-आत्या जास्त असतील तर आणखी. म्हणून ‘लग्न १२.३५’ एवढंच कळवलं, तर १२.३० ला रिक्षातून उतरणारा माणूस अक्षता शोधत मागे उभा राहतो. त्याला ‘११.४५ पर्यंत कार्यालयात’ असं सांगा.

मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी यांना किती वेळ लागेल, ते गुरुजी आणि घरची पद्धत ठरवते. दीड-दोन तास सहज जातात. पंगती त्याच वेळी सुरू असतात, म्हणून सप्तपदी बघायची असणाऱ्यांनी जेवण आधी उरकायचं की नंतर, हेही कळवलेलं बरं. पाठवणीची वेळ पत्रिकेत छापलेली नसते, आणि परतीचं तिकीट तिच्यावरच अवलंबून असतं. ती यजमानांकडून घ्या. सीमांतपूजन आहे का आणि पाहुण्यांची राहायची सोय केव्हापासून, तेही त्याच फोनवर विचारा.

मेसेज असा लिहा

चित्र करू नका, साधा मजकूर लिहा. आजोबांना अक्षर मोठं करता येतं आणि पत्ता उचलून नकाशात टाकता येतो. पत्रिकेतली वेळ, विचारून घेतलेली वेळ आणि आपला अंदाज या तिन्हींची सरमिसळ होऊ देऊ नका.

```
*शनिवार – घरी (पत्ता १)*
सायं. ५.३० पोचा
६.०० हळद (पत्रिका)
रात्री ८.०० जेवण (विचारून)

*रविवार – कार्यालय (पत्ता २)*
स. ११.४५ पोचा
दु. १२.१५ मंगलाष्टकं (अंदाज)
१२.३५ मुहूर्त (पत्रिका)
१.०० पासून पंगती (विचारून)
२.३० पर्यंत विधी (अंदाज)
४.३० पाठवणी (विचारून)
परतीचं तिकीट ६ नंतरचं काढा
```

ओळीच्या दोन्ही टोकांना * लावल्यानं व्हॉट्सॲपवर ती ओळ ठळक दिसते. खाली घरातल्या दोघांचे फोन नंबर द्या; वधूवरांचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे नकोत, त्या दिवशी ते फोन उचलू शकणार नाहीत.

गावागावाप्रमाणे एक ओळ

मुख्य वेळापत्रक सगळ्यांना एकच, शेवटची ओळ मात्र ज्याची त्याची. नागपूरकरांसाठी महाराष्ट्र एक्सप्रेस थेट साताऱ्याला येते, पण स्टेशन शहराबाहेर माहुलीकडे आहे, तेव्हा तिथून कार्यालयापर्यंतचा वेळ वेगळा धरायला सांगा. लांब पल्ल्याच्या गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून त्यांनी शनिवारीच यावं. मुंबईकर रविवारी पहाटे निघायचं म्हणतील. त्यांना वाटेत खंबाटकी घाट आहे आणि लग्नसराईच्या रविवारी रस्ता भरलेला असू शकतो, हे लिहून कळवा. बेळगावकरांना खंबाटकी लागत नाही, पण तेही महामार्गानंच येणार, त्यामुळे तासभर हातचा ठेवायला त्यांनाही सांगावं.

वेळ बदलली तर जुन्या मेसेजखाली दुरुस्ती जोडू नका. पूर्ण वेळापत्रक पुन्हा पाठवा, वर ‘सुधारित, गुरुवार रात्री’ असं लिहा आणि जुना मेसेज सगळ्यांसाठी काढून टाका. तो काढता येत नसेल, तर नवा मेसेज ग्रुपमध्ये वर पिन करून ठेवा.