पोटावर चित्र, पाठीवर शब्द

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे झरी-जामणी, मारेगावकडे निघालं की कोलामांचे पोड लागतात. पोडावरची पोरं शाळेत येतात ती कोलामी घेऊन, आणि पहिलीचं पुस्तक असतं मराठीत. मधला पूल बांधायला तिथले अनेक गुरुजी आणि बाई कार्डं करतात. पोटावर चित्र आणि देवनागरीत कोलामी शब्द, पाठीवर तोच शब्द मराठीत. ‘ईर’च्या मागे पाणी, ‘किस’च्या मागे विस्तव, ‘एल्ला’च्या मागे घर. मूल चित्र बघून आपला शब्द म्हणतं, कार्ड उलटतं आणि मराठी शब्द वाचतं. शिकवायला कोणी शेजारी नसलं तरी कार्ड स्वतः उत्तर देतं.

अशी कार्डं एकेक करून हाताने रंगवलेली मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती सुंदर असतात. पण वर्गात वीस मुलं असली की प्रत्येकाच्या हातात संच द्यायला छपाईच लागते. एका ए-फोर कागदावर आठ कार्डं, पाठपोट छापायची आणि कापायची. गेली अनेक वर्षं मला या एकाच गोष्टीने झपाटलं आहे: कापल्यावर प्रत्येक पोटामागे त्याचीच पाठ कशी येते? कारण इथली चूक डोळ्याला दिसत नाही. अख्खा कागद देखणा छापून येतो, कापला जातो, वाटला जातो, आणि एखादं मूल ‘ईर’ उलटून ‘विस्तव’ पाठ करत बसतं.

थोडा इतिहास सांगून टाकतो. वाचन शिकवायच्या छापील कार्डांचा उल्लेख निघाला की इंग्लंडमधल्या फॅवेल ली मॉर्टिमर यांच्या 1834 च्या संचाचं नाव येतं. कार्डं डब्याच्या कप्प्यांत पुढे-मागे सरकवत उजळणी करायची पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये पुस्तकातून लोकप्रिय केली. कोलामीबद्दल सांगायचं तर मरे एमेनो यांचं 1955 चं व्याकरण वर्ध्याकडच्या बोलीवर आधारलेलं आहे. म्हणून कार्डावरचा शब्द पुस्तकातून न उचलता पोडावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहावा, हे माझं ठाम मत. आता छपाईकडे येऊ.

ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. त्यावर दोन उभे रकाने आणि चार आडव्या ओळी घ्या. प्रत्येक कार्ड 90 मिलिमीटर रुंद आणि 65 उंच ठेवलं, तर डावी-उजवीकडे 15-15 आणि वर-खाली साडेअठरा-साडेअठरा मिलिमीटर समास उरतो. दोन्ही बाजूंचा समास सारखा असणं ही पहिली अट आहे. डावीकडे 10 आणि उजवीकडे 20 ठेवले, तर कागद उलटल्यावर मागची चौकट 10 मिलिमीटर सरकलेली निघेल आणि कितीही महाग प्रिंटर ती जुळवू शकणार नाही.

पोटाच्या बाजूला वरच्या ओळीत 1 आणि 2, त्याखाली 3 आणि 4, मग 5-6, शेवटी 7-8 असे क्रमांक धरा. कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटला की डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणून पाठीच्या पानावर प्रत्येक ओळ उलटी मांडायची: 2-1, 4-3, 6-5, 8-7. ओळी आपल्या जागी राहतात, फक्त रकान्यांची अदलाबदल होते. एवढं केलं आणि प्रिंटरच्या खिडकीत Flip on long edge निवडलं, की एकच्या मागे एक येतो आणि कार्ड पानासारखं उलटल्यावर शब्द सरळ वाचता येतो. Flip on short edge निवडलं तर प्रिंटर कागद कॅलेंडरच्या पानासारखा वरून खाली उलटणार असं धरून चालतो, आणि मग सगळा हिशेब बदलतो.

या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो. चुकलेला कागद आपली चूक काय ते स्वतः सांगतो. शब्द-चित्रं घालण्याआधी नुसते 1 ते 8 आकडे दोन्ही पानांवर मोठ्या अक्षरात छापा, कागद उजेडासमोर धरा आणि एकच्या मागे काय आलं ते बघा. एकच्या मागे दोन, तीनच्या मागे चार आलं, तर पाठीच्या पानावर रकाने बदलायचे राहिले. प्रिंटरची काही चूक नाही. एकच्या मागे आठ, दोनच्या मागे सात, तीनच्या मागे सहा आलं, म्हणजे प्रत्येक जोडीची बेरीज नऊ भरली, तर मांडणी बरोबर आहे पण कागद भलत्या कडेवर उलटला गेला. आणि एकच्या मागे सात, दोनच्या मागे आठ आलं, तर दोन्ही चुका एकदम झाल्या आहेत. शेवटच्या दोन प्रकारांत कार्ड पानासारखं उलटलं की आकडाही डोक्यावर उभा दिसतो. एक कागद खर्च होतो, पण अंदाज बांधायची गरज उरत नाही.

झरीकडच्या एका शाळेत ही परीक्षा मी बाईंसोबत केली होती. त्यांच्याकडे पाठपोट आपोआप छापणारा प्रिंटर नव्हता. एक बाजू छापून कागद हाताने पुन्हा घालावा लागे. बाईंनी कोऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढला, कागद ट्रेमध्ये बाण वर आणि आतल्या दिशेला ठेवून घातला, आणि छापून आल्यावर बाण छापील बाजूला आहे की कोऱ्या, मथळ्याकडे आहे की तळाकडे, ते पाहिलं. मग आकड्यांचं दुसरं पान छापून पाहिलं. जोड्यांची बेरीज नऊ आली. त्यांनी कागद तसाच अर्धा वळसा फिरवून घातला आणि आकडे जुळले. कागद कसा घालायचा याची खूण त्यांनी तिथेच ट्रेच्या झाकणावर चिकटपट्टीने लावली. प्रत्येक प्रिंटरची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळे ही खूण दुसऱ्या प्रिंटरला चालत नाही.

हाताने कागद घालण्याची वेळ स्वयंचलित प्रिंटर असूनही येते, ती जाडीमुळे. झेरॉक्सचा नेहमीचा कागद 70 ते 75 ग्रॅमचा असतो. त्यावर छापलं तर पाठीवरचं उत्तर पोटातून दिसतं आणि कार्डाचा उपयोगच संपतो. 160 ग्रॅमच्या आसपासचा कागद बरा. पण बरेच छोटे लेझर प्रिंटर आपोआप उलटण्यासाठी साधारण 105 ग्रॅमपर्यंतचाच कागद घेतात आणि 163 ग्रॅमपर्यंतचा जाड कागद हाताने, एकेक करून घालावा लागतो. पहिली बाजू छापताना लेझर प्रिंटरमधल्या उष्णतेने कागद वाकतो आणि त्यातली ओल जाऊन किंचित आकसतो. म्हणून कागद जरा थंड होऊ द्या, सपाट करा, मगच दुसरी बाजू छापा.

क्रम जुळला तरी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा सरका उरतोच. तो मोजायची युक्ती आपल्या खिशात आहे. पाचशेची नोट उजेडाकडे धरा. 500 या आकड्याचे काही तुकडे पुढच्या बाजूला आणि काही मागच्या बाजूला छापलेले असतात. उजेडात ते एकमेकांत बसून आकडा पुरा होतो. नोट खरी आहे का हे ओळखण्याची ती एक खूण. मला ती नोटेवरच्या सगळ्या नक्षीपेक्षा जास्त सुंदर वाटते. दोन वेगळ्या बाजूंची छपाई एका रेषेवर आणणं किती कठीण आहे, हे ज्याने घरी कागद उलटून पाहिला त्यालाच कळतं.

आपल्या कागदावरही तसंच करायचं. दोन्ही पानांच्या चारही कोपऱ्यांत, कार्डांच्या बाहेर, एकेक बारीक फुली छापा. मग पाठीची बाजू आपल्याकडे करून कागद खिडकीच्या काचेला लावा. पाठीच्या चारही फुल्या पोटाच्या फुल्यांपासून डावीकडे 2 मिलिमीटर दिसल्या, तर पाठीचा सगळा मजकूर उजवीकडे 2 मिलिमीटर सरकवा. पाहिलं पाठीच्या बाजूने, म्हणून दिशेचा गोंधळ होत नाही. वरच्या फुल्या डावीकडे आणि खालच्या उजवीकडे गेल्या असतील, तर कागद तिरका ओढला जातोय. मजकूर सरकवून तो दोष जात नाही. ट्रेमधले कागद आवळणारे कठडे नीट लावावे लागतात. आणि छापताना Fit नको, Actual size घ्या, नाहीतर 90 मिलिमीटरचं कार्ड लहान होऊन येतं.

इतकं करूनही अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. म्हणून पाठीवर चौकट छापूच नये. कापायच्या रेषा फक्त पोटावर असाव्यात आणि पाठीचा शब्द कार्डाच्या मधोमध, चारही बाजूंनी किमान 8 मिलिमीटर जागा सोडून. मग मिलिमीटरचा फरक कुणाच्या नजरेत येत नाही. पाठीवर चौकट असेल तर तोच फरक एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक पट्टी होऊन ओरडत राहतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक खास अडचण येते. वर्डमध्ये तक्ता करताना ओळीची उंची 6.5 सेंटिमीटर लिहून पुढे Exactly निवडलं नाही, तर वेलांट्या-मात्रांसाठी देवनागरी फाँटला जास्त जागा लागते आणि मोठ्या अक्षरातला शब्द दोन ओळींत गेला की तो घर ताणतो. पोटावर काही ताणलं नाही आणि पाठीवर एक घर ताणलं, की त्याखालची सगळी खाली घसरतात. आकड्यांची परीक्षा उत्तम पार पडते आणि खऱ्या शब्दांना नेमका तळ चुकतो, तेव्हा कारण बहुधा हेच असतं. दुसरं, फाइल तालुक्याच्या गावी छापायला नेताना पीडीएफ करून न्या. दुकानातल्या संगणकावर आपला फाँट नसला तर ओळींची उंची बदलते, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला शब्द तर रोमन अक्षरांचा ढीग होऊन येतो.

आता कापणं. कार्डं एकमेकांना चिकटून असल्यामुळे एका रेषेवर एकच काप पुरतो. आधी बाहेरचे समास, मग मधली उभी रेषा, मग आडव्या. कटरखाली जाड गठ्ठा घालू नका. प्रत्येक कागदाचा सरका थोडा वेगळा असतो आणि पातं वरच्या कागदाच्या रेषेवर चालतं. चार-पाच कागद बरे. लॅमिनेशन करायचं असेल तर आधी कापा, मग कार्डं अंतर ठेवून पाऊचमध्ये मांडा आणि भोवती 3 मिलिमीटर प्लॅस्टिकची कड सोडून पुन्हा कापा. आधी लॅमिनेट करून मग कापलं तर कागदाची कड उघडी राहते, आणि श्रावणातल्या ओलीत, लहान मुलांच्या ओल्या हातांत, ती लवकर सुटते.

कापण्याआधी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात, पोटावर आणि पाठीवर, तोच क्रमांक बारीक अक्षरात असू द्या, ही माझी शेवटची मागणी. कोलामी आणि मराठी दोन्ही न वाचणारा माणूसही तो आकडा बघून संच तपासू शकतो. एकावर एक, दोनावर दोन. एवढं जुळलं की कार्डं पोराच्या हातात द्यायला हरकत नाही.