यादृच्छिकतेतून वाट काढणारी युक्ती

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील डिडेरिक किंग्मा आणि मॅक्स वेलिंग यांनी २०१३च्या अखेरीस व्हेरिएशनल ऑटोएन्कोडर मांडला. हाताने लिहिलेल्या ‘३’चे चित्र त्याला दिले, की एन्कोडर त्यासाठी एकच संकेतांक ठरवत नाही, सरासरी μ आणि पसारा σ सांगतो. त्या पट्ट्यातून एक संख्या z यादृच्छिकपणे निवडली जाते आणि डिकोडर तिच्यावरून चित्र पुन्हा रेखाटतो.

अडचण इथेच येते. चित्र चुकले तर μ आणि σ किती बदलायचे, हे उलट दिशेने मोजत जावे लागते. पण मधल्या सोडतीतून ते गणित थेट मागे जात नाही. म्हणून सोडत बाजूला काढली:

`z = μ + σ × ε`

ε ही प्रमाण सामान्य वितरणातून बाहेरून आणलेली संख्या. μ = २, σ = ०.५, ε = ०.६ असेल, तर z = २.३. आता μ एकाने वाढला तर z एकाने वाढतो, आणि σ एकाने वाढला तर ०.६ने. दुरुस्तीला वाट मिळाली.

मात्र केवळ हुबेहूब चित्राचाच आग्रह धरला, तर σ शून्याकडे जातो, संकेत विखुरतात आणि मधल्या रिकाम्या जागेतून निरर्थक रेघोट्या उमटतात. त्यासाठी केएल दंड:

`½(μ² + σ² − 1 − ln σ²)`

आपल्या उदाहरणात तो सुमारे २.३२ येतो; μ = ०, σ = १ असताना शून्य. सगळ्याच चित्रांसाठी तो शून्याला टेकला, तर समजावे की z मध्ये चित्राची माहितीच उरलेली नाही.