तिसाला एक कमी

मी जालना जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांना शिकवते. आज तुमच्याशी तोंडी हिशोबाविषयी बोलायचं आहे. तुमच्यातल्या कित्येक जणी बाजारात पाटीवर बसून हा हिशोब रोज करतात, आणि घरी लेकराच्या वहीपुढे मात्र "मला काय येतंय त्यातलं" म्हणतात.

मागे मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर ५२ वजा २९ हे गणित दिलं. तीन-चार मुलांचं उत्तर आलं ३७. ही चूक मला पाठ आहे. दोनातून नऊ जात नाहीत, म्हणून मूल उलटं करतं, नवातून दोन काढतं, सात लिहितं. मग पाचातून दोन गेले तीन. झाले सदतीस. एका मुलीने मात्र मांडणी न करता नुसतंच २३ लिहिलं होतं. मी लाल पेनाने विचारलं, "मांडणी कुठे आहे?" तिचा चेहरा उतरला. मग जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, तीस दिले आणि एक परत घेतला." तिची आई भाजी विकते. उत्तर बरोबर होतं, रीतही बरोबर होती. तो लाल शेरा माझाच चुकला होता.

ही रीत आपल्या भाषेतच बसलेली आहे. एकोणतीस या शब्दात 'ऊन' आहे, म्हणजे कमी. एक कमी तीस. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत हेच चालतं. फक्त नव्व्याण्णव तेवढा वेगळा. पण मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या कानावर 'तीस' पडतं आणि ते ३९ लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशाही वाचायला दिल्या होत्या, तेव्हा बराच गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. तेवीस म्हणताना तीन आधी आणि वीस नंतर येतात, म्हणून मुलं ३२ लिहितात, ही अडचण खरीच आहे. लिहायला शिकताना 'वीस तीन'चा उपयोग होतो असं मलाही वाटतं. पण एकोणतीस सोडू नये. 'वीस नऊ' म्हटलं की शेजारचा तीस दिसतच नाही.

आता बेरीज घ्या. ४७ मध्ये २९ मिळवायचे. आधी तीस मिळवा, ७७ झाले. एक जास्त घातला, तो काढा, ७६. इथे मुलं फारशी चुकत नाहीत. चुकतात ती वजाबाकीत. ५२ मधून तीस काढले, २२ राहिले. आता एक मिळवायचा की काढायचा? बेरजेत काढला होता म्हणून मूल इथेही काढतं आणि २१ सांगतं. तुमच्या लेकराचं उत्तर असं बरोबर दोनने कमी आलं, तर समजा की रीत कळली आहे, फक्त दिशा चुकली आहे. त्याला "नीट कर" म्हणून उपयोग नाही. दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या. तुम्ही दुकानदार व्हा, २९ रुपयांचा साबण विका. ते दहाच्या तीन नोटा देईल, त्याच्या हातात २२ उरतील. मग तुम्ही एक रुपया त्याच्या हातावर परत ठेवा. जास्त दिले, म्हणून परत आलं. हे हाताने चार-पाच वेळा झालं की तोंडाने 'एक काढ' निघत नाही. नोटा नसतील तर कागदाचे तुकडे चालतात.

दुसरी वाट वयाची आहे. आजी ५२ वर्षांची, आई २९ ची. पुढच्या वर्षी आजी ५३, आई ३०. दोघींतलं अंतर बदललं का? नाही. मग ५३ मधून ३० काढा, तेवीस. इथे परत द्यायचं काही राहतच नाही. काही मुलांना हेच जास्त पटतं.

पण घाई करू नका. मुलाला ४७ नंतर ५७, ६७, ७७ अशा दहाच्या उड्या बोटं न मोजता मारता आल्या पाहिजेत. त्या येत नसतील तर ५२ मधून तीस काढतानाच ते अडकेल. तोवर पहिली-दुसरीच्या लेकराला नऊ अधिक सहा एवढंच द्या. सहातला एक नवाला दिला, दहा आणि पाच, पंधरा. आणि ही रीत शेवटी आठ-नऊ असलेल्या संख्येलाच शोभते. ५२ मधून २३ काढायला वीस आणि मग तीन काढणं सोपं.

दुपटीचंही थोडं सांगते. धान्याची जुनी मापं घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. गावागणिक नावात थोडा फरक असेल. पायलीत चिपटी किती? दोन, चार, आठ, सोळा. पाढा न म्हणता सोळा आले. तसंच १३ चोक करायचं तर दुप्पट २६, पुन्हा दुप्पट ५२. तेराचा पाढा विसरला तरी काम भागतं. तेरा आठे हवे असतील तर आणखी एकदा, १०४.

इथली ठरलेली चूक म्हणजे तीनदा दुप्पट केलं की सहापट झालं असं वाटणं. तीन दुणे सहा, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. त्याला चिपटी मोजायला लावा. तीनदा दुप्पट केल्यावर समोर आठ चिपटी दिसतात. तेरा सक हवे असतील तर दुप्पट २६ आणि चौपट ५२ यांची बेरीज करायची, ७८.

आणि दोन्ही रीती एकत्र आल्या की खरी गंमत होते. साखर ३८ रुपये किलो धरा, दोन किलोचे किती? मी वर्गात विचारलं तर बहुतेकांनी चाळीसची दुप्पट ८० केली, दोन काढले आणि ७८ सांगितले. मी गप्प राहिले. त्या भाजीवालीच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, "बाई, प्रत्येक किलोमागं दोन जास्त दिले ना, मग चार परत घ्यायचे." शहात्तर.