उंदीर जगला, रुग्णाचं काय?

स्टीफन हॉकिंग यांना झालेल्या एएलएस या आजारात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. मिनोसायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाने असा आजार असलेले उंदीर जास्त जगले, म्हणून अमेरिकेत 412 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. 2007मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के अधिक वेगाने खालावली. आशेने आलेल्या माणसांचं हे नुकसान मन अस्वस्थ करतं.

अशी बातमी वाचताना मी आधी पाहते, औषध कधी सुरू केलं. इथे उंदरांना ते लक्षणं दिसण्याआधीच मिळालं होतं. रुग्ण मात्र हातपाय लुळे पडू लागल्यावरच डॉक्टरांकडे येतो. शिवाय या उंदरांमध्ये एका सदोष मानवी जनुकाच्या अनेक प्रती घातलेल्या असतात. त्या जनुकातला दोष फार थोड्या रुग्णांत आढळतो. पिढ्यांगणिक काही उंदरांत प्रती कमी होतात आणि ते औषधाविनाही जास्त जगतात. माद्याही नरांपेक्षा थोड्या जास्त जगतात. गट लहान असेल आणि वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसेल, तर हाच फरक औषधाचा गुण म्हणून छापला जातो. केंब्रिजच्या एका संस्थेने या गोष्टी सांभाळून सत्तरहून अधिक औषधं पुन्हा तपासली, तेव्हा एकाचाही ठोस फायदा दिसला नाही.