स्पीकरसोबत द्यायची चिठ्ठी

म्हैसूरच्या आमच्या घरी डावा स्पीकर मध्येच गप्प व्हायचा. दुरुस्तीच्या दुकानात मात्र नीट वाजायचा. म्हणून पेटीवर चिठ्ठी चिकटवली:

‘साधारण 20 मिनिटांनी आवाज जातो. ट्वीटर, वूफर एकदमच बंद. पेटीवर थाप मारली की परत येतो. अँप्लिफायरवर डावी-उजवी अदलाबदल केली, वायरही बदलली. बंद पडतो तो हाच.’

अदलाबदलीमुळे अँप्लिफायर आणि वायर संशयातून सुटले. ट्वीटर आणि वूफर दोन्ही एकदम बंद, म्हणजे दोष सामाईक वाटेवर: मागचे टर्मिनल किंवा तिथून क्रॉसओव्हरकडे जाणारा सांधा. थापेने आवाज येणे ही कच्च्या डाखाची खूण.

‘कधीकधी बंद पडतो’ एवढेच लिहू नका. केव्हा जातो, कशाने येतो, तेही लिहा.